स्पीड पूर्ण, तरी रात्री नेट अडकतं: उशीर नेमका कुठल्या हॉपवर होतोय ते शोधणं

लक्षण असं: दिवसभर नेट मस्त चालतं. रात्री नऊच्या पुढे व्हिडिओ कॉलवर समोरच्याचा आवाज तुटायला लागतो, गेममध्ये मारलेली गोळी अर्ध्या सेकंदाने लागते आणि साधं वेबपेजही उघडताना क्षणभर थबकतं. साडेअकरानंतर सगळं आपोआप सुरळीत होतं. स्पीडटेस्ट लावली की शंभरच्या शंभर एमबीपीएस दिसतात. राउटर बंद-चालू करून काहीही फरक पडत नाही, किंवा पडल्यासारखा वाटतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

खाली जे लिहिलंय ते पुण्यात माझ्या ताईच्या घरी केलेल्या तपासणीवरून आहे. तिचे ऑफिसचे कॉल अमेरिकेतल्या टीमबरोबर, म्हणजे नेमके रात्रीच. भाचा गेम खेळणारा, त्यामुळे त्याची तक्रार जास्त नेमकी होती: "मामा, संध्याकाळी पिंग आठ असतो, रात्री साठ-सत्तर होतो." ताईचं म्हणणं, "स्पीड तर पूर्ण येतोय रे, मग आवाज का तुटतो?"

तुटतो कारण स्पीड आणि उशीर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका सेकंदात किती डेटा आला हे स्पीडटेस्ट सांगते. पॅकेट जाऊन उत्तर परत यायला किती वेळ लागला हे पिंग सांगतो. आणि तो वेळ वाटेत कुठे गेला याचा अंदाज ट्रेसराउट देतो. अंदाज हा शब्द मुद्दाम वापरला आहे. ट्रेसराउटचे आकडे जसेच्या तसे वाचले तर हमखास चुकीच्या हॉपवर, म्हणजे वाटेतल्या चुकीच्या राउटरवर, बोट ठेवलं जातं, आणि नेटवाल्याच्या कॉल सेंटरला पाठवलेल्या बऱ्याच स्क्रीनशॉटमध्ये तेच झालेलं असतं.

आधी घरातलं घरात तपासा

विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडून `ipconfig` दिलं की `Default Gateway` समोर राउटरचा पत्ता दिसतो. बहुतेक घरांत तो 192.168.1.1 किंवा 192.168.0.1 असतो. त्यालाच पिंग करायचं, आणि चार वेळा नाही, शंभर वेळा:

```
ping -n 100 192.168.1.1
```

लिनक्स आणि मॅकवर `-n` च्या जागी `-c` लिहायचं. चार पिंगवरून काही कळत नाही, कारण त्रास अधूनमधून येणारा असतो आणि चारही पॅकेटं नेमकी बऱ्या क्षणी निघून जाऊ शकतात.

लॅन केबलने जोडलेल्या मशीनवर हा आकडा एक मिलिसेकंद किंवा त्याहून कमी यायला हवा, शंभरपैकी शंभर वेळा. चांगल्या वाय-फायवर दोन ते पाच. ताईच्या घरी भाच्याच्या खोलीतून, दोन भिंतींपलीकडून, बरेच आकडे तीन-चार होते, पण मध्येच एखादा ९० तर एखादा १६०. हा वाय-फायचा हात. पॅकेट हवेत हरवतं, पुन्हा पाठवलं जातं, त्यात हा वेळ जातो. असं दिसत असेल तर पुढची कुठलीही तपासणी वाय-फायवरून करू नका. इथला गोंधळ पुढच्या प्रत्येक हॉपच्या आकड्यात मिसळतो आणि मग सगळीकडेच बिघाड दिसतो. आम्ही लॅपटॉप उचलून हॉलमध्ये राउटरशेजारी आणला आणि केबल लावली. पहिल्या हॉपचा आकडा एकवर येऊन बसला. रात्रीचा त्रास मात्र केबलवरही तसाच राहिला, म्हणजे मूळ दुखणं पुढे होतं.

ट्रेसराउट काय करतो

प्रत्येक पॅकेटवर टीटीएल नावाचा एक आकडा असतो. वाटेतला प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो. आकडा शून्य झाला की तो राउटर पॅकेट टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला तसं कळवतो. मुळात ही सोय पॅकेटं नेटवर्कमध्ये गोल गोल फिरत राहू नयेत म्हणून आहे. ट्रेसराउट तिचा उपयोग करून घेतो: पहिलं पॅकेट टीटीएल १ लावून पाठवतो, म्हणजे पहिल्या राउटरचं उत्तर येतं, मग २, मग ३, असं शेवटच्या ठिकाणापर्यंत. प्रत्येक टप्प्याला तीन पॅकेटं, म्हणून ओळीत तीन आकडे.

विंडोजवर कमांड अशी:

```
tracert -d 8.8.8.8
```

8.8.8.8 हा गूगलच्या सर्व्हरचा पत्ता. `-d` दिलं की प्रत्येक पत्त्याचं नाव शोधण्यात वेळ जात नाही. लिनक्स किंवा मॅकवर `traceroute -n 8.8.8.8`. एक फरक लक्षात असू द्या. विंडोजचा ट्रेस पिंगचीच पॅकेटं वापरतो, लिनक्स-मॅकचा मुळात यूडीपी. म्हणून एकाच घरातून दोन मशीनवर थोडे वेगळे हॉप दिसू शकतात. लिनक्स-मॅकवर `-I` दिलं की तिथेही पिंगसारखीच पॅकेटं जातात, पण त्याला कधी कधी `sudo` लागतं.

सकाळचा ट्रेस आधी घेऊन ठेवा. चांगल्या वेळेचा नमुना हाताशी नसेल तर रात्रीच्या आकड्यांची तुलना कशाशी करणार? ताईच्या घरचा सकाळचा असा होता (नेटवाल्याच्या नेटवर्कमधले पत्ते बदलून दिले आहेत):

```
1    1 ms    1 ms    1 ms  192.168.1.1
2    3 ms    3 ms    4 ms  100.70.0.1
3    4 ms    4 ms    4 ms  203.0.113.9
4   38 ms    9 ms   61 ms  203.0.113.42
5    *       *       *     Request timed out.
6    6 ms    6 ms    7 ms  198.51.100.5
7    6 ms    6 ms    6 ms  8.8.8.8
```

पहिला आपला राउटर. दुसऱ्याचा पत्ता 100 ने सुरू होतो. 100.64 पासून 100.127 पर्यंतचे पत्ते नेटवाल्यांच्या अंतर्गत वापरासाठी राखीव आहेत, म्हणजे हा त्याचा, आपल्याला सगळ्यात जवळचा राउटर. काहींकडे इथे 10 ने सुरू होणारा पत्ता दिसेल, अर्थ तोच.

आता चौथी ओळ बघा. ३८, ९, ६१. सगळं सुरळीत असताना घेतलेल्या ट्रेसमध्ये ६१! भाच्याने लगेच तिथे बोट ठेवलं. पण सहाव्या आणि सातव्या हॉपला सहाच मिलिसेकंद लागताहेत, आणि त्यांची पॅकेटं चौथ्यातूनच गेली आहेत. चौथ्याने खरंच पॅकेटं अडवून धरली असती तर पुढच्यांचे आकडेही निदान तेवढे वाढले असते. मोठे राउटर पुढे जाणारी पॅकेटं खास चिपवर क्षणात पुढे ढकलतात, पण टीटीएल संपल्याचा निरोप लिहायचं काम त्यांच्या साध्या प्रोसेसरकडे असतं आणि त्याच्या यादीत ते सगळ्यात शेवटी. टोलनाक्यावर गाड्या भराभर सुटत असतात, पण खिडकीपाशी थांबून पत्ता विचारला तर उत्तर मिळायला वेळ लागतो. त्यावरून मागच्या गाड्या अडकल्या आहेत असं ठरत नाही.

पाचव्या ओळीतले तारे त्याहून निरुपद्रवी. त्या राउटरला असे निरोप पाठवायचेच नाहीत असं सांगून ठेवलेलं असतं. पुढचे हॉप दिसताहेत म्हणजे वाट उघडी आहे.

नियम एकच: ज्या हॉपपासून आकडा वाढतो आणि तिथून शेवटपर्यंत वाढलेलाच राहतो, तो हॉप खरा. मध्येच वाढून पुढे उतरला तर तो सोडून द्या.

रात्रीचा ट्रेस

```
1    1 ms    1 ms    2 ms  192.168.1.1
2    3 ms    4 ms    3 ms  100.70.0.1
3   52 ms   71 ms   47 ms  203.0.113.9
4   88 ms   55 ms  140 ms  203.0.113.42
5    *       *       *     Request timed out.
6   58 ms   49 ms   75 ms  198.51.100.5
7   54 ms   69 ms   50 ms  8.8.8.8
```

सगळ्यात मोठा आकडा १४०, चौथ्या हॉपवर. तो सोडा, सकाळीही तिथे असंच होतं. वाढ सुरू होते तिसऱ्यावर, ४ वरून पन्नासच्या घरात, आणि शेवटपर्यंत ती उतरत नाही. दुसरा हॉप मात्र सकाळइतकाच स्वच्छ. म्हणजे उशीर दुसऱ्या आणि तिसऱ्या हॉपच्या मध्ये आहे.

इथे घाई करून तक्रार लिहायला बसू नये. ट्रेसमध्ये प्रत्येक हॉपला तीनच पॅकेटं जातात आणि प्रत्येक ओळ वेगळ्या क्षणाची असते. खात्री करायला तीन खिडक्या उघडून एकाच वेळी लांब पिंग लावला, दुसऱ्या हॉपला, तिसऱ्याला आणि 8.8.8.8 ला:

```
ping -n 600 203.0.113.9
```

सहाशे पिंग म्हणजे साधारण दहा मिनिटं. संपल्यावर खाली येणारी `Minimum`, `Maximum`, `Average` ही ओळ हवी. दुसऱ्या हॉपची सरासरी आली ३, तिसऱ्याची ५६ आणि 8.8.8.8 ची ५८. शेवटच्या दोन खिडक्यांमध्ये आकडे एकाच वेळी चढत आणि उतरत होते, पहिली ढिम्म. हा पुरावा एका ट्रेसपेक्षा कितीतरी भक्कम.

काही राउटर ट्रेसला उत्तर देतात पण थेट पिंगला देत नाहीत. तसं झालं तर लिनक्स-मॅकवर `mtr` नावाचं साधन वापरा, विंडोजवर त्याचा भाऊ `WinMTR`. ते ट्रेस पुन्हा पुन्हा घेत राहतं आणि प्रत्येक हॉपची सरासरी, सगळ्यात वाईट आकडा आणि हरवलेल्या पॅकेटांची टक्केवारी एकत्र दाखवतं. हरवलेल्या पॅकेटांनाही वरचाच नियम: मधल्या हॉपवर ४० टक्के आणि शेवटच्यावर शून्य असेल तर काहीही हरवलेलं नाही.

दुसऱ्या हॉपवरच आकडा वाढत असेल तर

बऱ्याच घरांत तसंच दिसेल आणि मग दोष बहुधा नेटवाल्याचा नसतो. घरातलं कोणीतरी अपलोड करत असतं. रात्री फोन चार्जिंगला लागतात आणि वाय-फाय मिळताच फोटोंचा बॅकअप सुरू होतो, नेमका कॉलच्या वेळी. अपलोडची वाट भरली की पॅकेटं राउटरमधल्या रांगेत उभी राहतात, आणि स्वस्त राउटरमध्ये ही रांग फार लांब असते. हिशोब करून बघा. रांगेत ५ लाख बाइट मावतात असं धरा, म्हणजे ४० लाख बिट. अपलोड २० एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला २ कोटी बिट. रांग रिकामी व्हायला ०.२ सेकंद. शेवटी उभ्या असलेल्या कॉलच्या पॅकेटला केवळ घरातून बाहेर पडायला २०० मिलिसेकंद लागले.

तपासायचं कसं? दुसऱ्या हॉपला पिंग चालू ठेवून एक मोठी फाइल क्लाउडवर चढवायला लावा. ताईकडे आम्ही हे मुद्दाम केलं. आकडा ३ वरून चढत जाऊन दोनशेच्या आसपास गेला आणि अपलोड थांबवताच एक-दोन सेकंदांत परत ३. म्हणजे हा दोष तिच्याकडेही होता, पण रात्रीच्या तासांत दुसरा हॉप शांत असल्यामुळे तो त्या त्रासाचं कारण नव्हता. तुमच्याकडे हेच कारण निघालं तर राउटरमध्ये बँडविड्थ कंट्रोल किंवा क्यूओएस शोधा आणि अपलोडची मर्यादा खऱ्या अपलोड स्पीडच्या ८५ ते ९० टक्क्यांवर बांधा. रांग मग साचतच नाही. राउटरमध्ये एसक्यूएम असेल तर उत्तम, त्याचं कामच हे. नाहीच काही तर बॅकअपची वेळ पहाटेची करा.

यातून काय कळत नाही

दोन गोष्टी तक्रार लिहिताना महत्त्वाच्या. पिंगचा वेळ जाण्या-येण्याचा एकत्र असतो, त्यामुळे रांग कुठल्या दिशेला आहे ते दिसत नाही. रात्री सगळी सोसायटी व्हिडिओ बघत असते, म्हणजे बहुधा घराकडे येणाऱ्या दिशेलाच गर्दी असणार, पण ट्रेस ते सिद्ध करत नाही. दुसरं, ट्रेसमध्ये फक्त टीटीएल वजा करणारी यंत्रं दिसतात. घरातला फायबरचा डबा, जिन्यातला स्प्लिटर, नेटवाल्याकडचे स्विच यांतलं काहीच दिसत नाही. हे सगळं दोन ओळींच्या मधल्या रिकाम्या जागेत असतं. म्हणून "तिसरा राउटर खराब आहे" असं लिहू नका. "दुसऱ्या आणि तिसऱ्या हॉपच्या मधला दुवा रात्री भरतोय" असं लिहा. पहिल्या वाक्याला कॉल सेंटरवाला "राउटर ठीक आहे" म्हणून मोकळा होतो.

अंतराचाही हिशोब हवा. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे दर १०० किलोमीटरला जाऊन-येऊन एक मिलिसेकंद. पुणे-मुंबईला दीड-दोन मिलिसेकंद पुरतात. मुंबई-सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर, म्हणजे जवळजवळ ४० मिलिसेकंद प्रकाशालाच लागणार, आणि केबल काही सरळ रेषेत जात नाही. ट्रेसमध्ये एका हॉपवर अशी पन्नासेक मिलिसेकंदांची उडी शेवटपर्यंत टिकलेली दिसली, पण सकाळी-रात्री सारखीच, तर तो समुद्र आहे. भाच्याला गेमच्या सेटिंगमध्ये सर्व्हर मुंबईचा आहे ना ते आधी बघायला लावलं. होता. म्हणूनच त्याला संध्याकाळी आठ मिळत होते.

8.8.8.8 स्वच्छ दिसतोय पण ऑफिसचं व्हीपीएन अडकतंय, असं असेल तर ट्रेस त्या व्हीपीएनच्या पत्त्यावर घ्या. दोन ठिकाणांच्या वाटा पहिल्या चार हॉपनंतर पूर्ण वेगळ्या असू शकतात. हल्ली बऱ्याच घरांत आयपीव्ही ६ चालू असतं आणि त्याची वाटही वेगळी असू शकते. नावाने ट्रेस घेताना `-4` आणि `-6` देऊन, मॅकवर `traceroute` आणि `traceroute6` वापरून, दोन्ही तपासा.

तक्रार

पहिल्या फोनला ताईला उत्तर मिळालं, "मॅडम, स्पीडटेस्टचा स्क्रीनशॉट पाठवा." त्या टेस्टचा सर्व्हर नेटवाल्याच्याच नेटवर्कमध्ये होता, तिसऱ्या हॉपच्या अलीकडे. त्यामुळे भरलेला दुवा त्या टेस्टच्या वाटेत येतच नव्हता आणि रात्रीही शंभर दिसत होते. टेस्टमध्ये सर्व्हर बदलून दुसऱ्या कंपनीचा निवडला तेव्हा रात्री दहाला स्पीड तिसाच्या खाली आला.

मग तिने फोन सोडून ईमेल लिहिला. त्यात एवढंच होतं: केबलवरून घेतलेली चाचणी, सकाळ आणि रात्रीचे दोन ट्रेस वेळेसह, आणि तीन पिंगच्या सरासरी, ३, ५६ आणि ५८. शेवटी एक ओळ: "रोज रात्री ९ ते ११.३० मध्ये हॉप २ (100.70.0.1) आणि हॉप ३ (203.0.113.9) यांच्यामधल्या दुव्यावर सुमारे ५० मिलिसेकंद वाढतात. हॉप १ आणि २ वर वाढ नाही. कृपया नेटवर्क टीमकडे द्यावे." ट्रेस मजकूर म्हणून चिकटवा, फोटो नको. नेटवर्क टीममधल्या माणसाला पत्ता कॉपी करून शोधायचा असतो.

तरीही आधी लाइनमन घरी आला, दुपारी तीनला, फायबरची पॉवर मोजली, "सिग्नल बरोबर आहे" म्हणाला आणि तक्रार बंद झाली. यात त्याची चूक नव्हती, त्याला घरच्या तारेपुरतंच दिलेलं काम होतं आणि दुपारी त्रास नव्हताच. तक्रार त्याच क्रमांकावर पुन्हा उघडायला लावली आणि त्या रात्रीचा नवा ट्रेस जोडला. या वेळी नेटवर्क टीमकडून फोन आला. त्यांनी मान्य केलं की त्या भागातल्या अपलिंकवर रात्री भार जास्त आहे आणि वाढवायचं काम रांगेत आहे.

झालं की नाही ते विचारायला फोन करण्याची गरज पडली नाही. एका रात्री ट्रेसमध्ये तिसऱ्या हॉपचा पत्ता बदललेला दिसला आणि आकडा ५. लगेच तक्रार बंद केली नाही. तीच दहा मिनिटांची तीन पिंगांची चाचणी पुढच्या शनिवारी-रविवारी रात्री दहाला पुन्हा लावली, कारण सगळ्यात जास्त भार तेव्हाच असतो. 8.8.8.8 ची सरासरी ७ आली, कमाल १९.

तुमच्याकडे तक्रार अशीच बंद होत राहिली तर ट्रायच्या २०१२ च्या तक्रार निवारण नियमांनुसार कंपनीच्याच अपिलीय प्राधिकरणाकडे अपील करता येतं. त्यासाठी मूळ तक्रारीचा क्रमांक लागतो, म्हणून पहिल्याच फोनला तो लिहून घ्या. व्हॉट्सॲपवर लाइनमनशी झालेलं बोलणं तिथे चालत नाही.